‘देव बरें करूं’ मधला ‘करूं’ कुणाचा?

गोव्यात फोंड्याला आमच्या घरी तिन्हीसांजेला शुभंकरोती झाली की आम्ही आजीच्या पाया पडायचो आणि ती म्हणायची, ‘औक्षवंत हो.’ त्याच सुमारास शेजारच्या ख्रिस्ती घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणून झालेला असे. तिथली मुलं हात जोडून थोरल्यांपासून सुरुवात करायची: ‘शामाय, बेसांव दी.’ शामाय म्हणजे आजी, बेसांव म्हणजे आशीर्वाद. तिचं उत्तर ठरलेलं असायचं: ‘देव बरें करूं.’ सुट्टीत पुण्याहून आलेल्या माझ्या मामेभावाने एकदा ते ऐकलं आणि विचारलं, ‘त्या आजी देवाचं बरं करू का, असं का विचारतात?’

त्याचा कान चुकला नव्हता. आजच्या मराठीत ‘करू’ हे बोलणाऱ्याचं स्वतःचं रूप आहे: ‘मी काय करू?’ कोकणीतही ‘हांव करूं?’ असं म्हणतातच. पण कोकणीत तेच रूप तिसऱ्या माणसासाठीही चालतं आणि तिथे त्याचा अर्थ इच्छेचा होतो. ‘देव बरें करूं’ म्हणजे ‘देव भलं करो’. सकाळच्या ‘देव बरो दीस दिवं’ या अभिवादनातला ‘दिवं’ही असाच, म्हणजे ‘देवो’.

दोन्ही रूपांचं मूळ एक आहे. संस्कृतात इच्छा सांगताना ‘करोतु’ म्हणत. प्राकृतात त्यातला त गळून ‘करउ’ झालं. मराठीने शेवटच्या ‘अउ’चा ‘ओ’ केला, कोकणीत ‘ऊं’ राहिला. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीतल्या पसायदानात जावो, पाहो, लाहो अशी रांगच लागली आहे. आज मात्र हे रूप मराठीच्या रोजच्या बोलण्यातून जवळपास गेलं आहे आणि आशीर्वाद, प्रार्थना व शापात तेवढं टिकून आहे. म्हणूनच ‘करो’ कानावर पडलं की आपोआप गंभीर वाटतं.

मग आमच्या आजीचा ‘औक्षवंत हो’? तो तर सरळ ‘उठ’, ‘बस’ यांसारखा आज्ञार्थ. पण आज्ञा पाळता यायला हवी, आणि ठरवून औक्षवंत कुणालाच होता येत नाही. फरक ओळखायचा तर वाक्य नकारी करून पाहावं. आज्ञेचा नकार ‘नको’ने होतो: ‘तिथे जाऊ नकोस.’ इच्छेचा नकार ‘न’ने होतो: ‘दृष्ट न लागो’, ‘देव न करो’. ही दुहेरी सोय पाणिनीनेही नोंदवली आहे. ‘आशिषि लिङ्लोटौ’ या त्याच्या सूत्रानुसार (३.३.१७३) आज्ञेसाठीची लोट् रूपं आशीर्वादालाही चालतात. ‘सौभाग्यवती भव’ मधला ‘भव’ असाच. लग्नपत्रिकांत आणि मोबाइलवरच्या संदेशांत लोक त्याला विसर्ग जोडून ‘भवः’ करतात, पण ‘भवः’ हे शंकराचं नाव होतं. तसाच ‘आयुष्यमान’ हा शब्दही चुकीचा रुळला आहे. शुद्ध रूप ‘आयुष्मान्’, मुलीला ‘आयुष्मती’.

आता ‘बेसांव’. हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला, म्हणजे १५१० नंतरचा. आशीर्वादाला त्यांचा शब्द बेंसाउं असा काहीसा ऐकू येतो. त्यातला शेवटचा नाकातला स्वर कोकणीने ‘आंव’ करून घेतला, आणि हे एकाच शब्दात घडलं नाही. त्यांच्या सांउं जुआंउंचा, म्हणजे संत जॉनच्या सणाचा, आपला जूनमधला सांजांव झाला, ख्रिस्ती माणसाला लावायच्या शब्दाचा किरिस्तांव झाला. असा नियमित बदल दिसला की शब्द त्या वाटेने आल्याची खात्री पटते. शब्दाबरोबर रीतही आली, कारण थोरांकडे आशीर्वाद मागायचा प्रघात पोर्तुगिजांतही आहे. दिल्या जाणाऱ्या आशीर्वादाचं वाक्य मात्र इथलंच राहिलं. मागणं पोर्तुगीज शब्दात आणि देणं प्राकृतातून आलेल्या क्रियापदात, ही जोडी मला फार मोलाची वाटते.

‘दी’कडेही बघा. तो एकवचनी आहे, आदरार्थी ‘दियात’ नाही. आपणही ‘आई, आशीर्वाद दे’ म्हणतो, पण बाबांना बहुतेक घरांत ‘द्या’. मराठीत ‘आई आली’ आणि ‘बाबा आले’ असा भेद क्रियापदापर्यंत पोचतो. बेसांव मागताना तसं होत नाही. तिथे आदर जोडलेल्या हातांत आणि थोरल्यापासून सुरुवात करण्याच्या क्रमात असतो. त्यामुळे ‘दी’ ऐकून मूल उद्धट आहे असं समजू नये.

एक घोटाळा अजूनही होतो. ‘देव बरें करूं’ हेच वाक्य गोव्यात आभारासाठीही वापरतात. दुकानातून सामान घेऊन निघताना तरुण गिऱ्हाईक वयस्क दुकानदाराला ते म्हणतं, तेव्हा धाकट्याने थोराला आशीर्वाद दिला असं होत नाही. आधी काय घडलं, यावरून अर्थ ठरतो: आधी बेसांव मागितला असेल तर आशीर्वाद, आधी काही हातात पडलं असेल तर आभार. मामेभावाला मी हे समजावलं. जायच्या दिवशी शामायने त्याच्या हातात घरच्या दोदोल मिठाईचा डबा ठेवला, तेव्हा तो तिला म्हणाला, ‘देव बरें करूं.’ तिनेही तेच उलट म्हटलं.