आठ वर्षांच्या मुलासाठी पहिली विनोदी चित्रमालिका कशी निवडावी

नौपाड्यातील आमच्या बालवाचनालयात येणारे पालक अनेकदा सांगतात की, मुलाला वाचनाचा तिटकारा आहे. बहुतेक वेळा त्याला नकोसा असतो तो अर्ध्यावर अडकण्याचा अनुभव, म्हणून पुस्तक देण्यापूर्वी आम्ही त्याला मधलेच एखादे पान मोठ्याने वाचायला सांगतो आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायला लावतो. पान संपण्याआधी पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवावे.

गेल्या उन्हाळ्यात इंग्रजी माध्यमातील तिसरीच्या एका मुलाने बोधकथांचे जाड पुस्तक चौथ्या पानावरच सोडले होते. आमच्याकडे त्याच पुस्तकाच्या एका पानावर त्याची पाचही बोटे मिटली, आणि त्यांपैकी चार शब्द जोडाक्षरांचे होते. मग आम्ही त्याला ‘चिंटू’ दिला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ मध्ये दैनिकातून सुरू झाली. तिचा प्रत्येक विनोद मोजक्या चौकटींत संपतो, वाक्ये घरातल्या बोलण्यासारखी असतात आणि एखादा शब्द अडला तरी चेहऱ्यावरून अर्थ लागतो. त्या पानावर त्याची दोनच बोटे मिटली. पुढच्या पानांवर पात्रे तीच राहत असल्यामुळे कोण कोणाचा, हे त्याला नव्याने समजून घ्यावे लागले नाही, आणि मालिकेचा खरा फायदा आम्हाला यातच दिसतो.

इंग्रजीत वाचणाऱ्यांसाठी २०१६ पासून येणारी ‘डॉग मॅन’ ही मालिका पूर्णपणे चौकटींची असल्याने सुरुवातीला सोपी पडते. तिच्यातील काही चुकीची स्पेलिंगे मुद्दाम ठेवलेली आहेत, कारण ही गोष्ट दोन शाळकरी मुलांनी रचली आहे अशी त्यामागची कल्पना आहे. ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’मध्ये मजकूर बराच अधिक आहे आणि नायक माध्यमिक शाळेतला आहे, त्यामुळे ती आम्ही सहसा नंतर सुचवतो.

घरी चित्रे बघू द्यावीत, कारण विनोदाचा अर्धा भाग चित्रातच असतो. वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरे घेऊ नयेत. त्याने एखादी चौकट दाखवली, तर तीवर सोबत हसावे. तेच पुस्तक तो चौथ्यांदा वाचत असेल, तर वाचू द्यावे, कारण पाठ झालेल्या विनोदावर त्याची नजर अधिक वेगाने सरकते.

सोप्या पुस्तकातही काही आठवडे तो शब्दाचे पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने सांगत असेल, ओळ वारंवार सुटत असेल किंवा डोके दुखते म्हणत असेल, तर पुस्तक बदलून उपयोग होणार नाही. अशा वेळी आधी डोळे तपासून घ्यावेत आणि वर्गशिक्षकांशी बोलावे.

पुस्तक नेताना मुलाला सोबत आणावे. न आवडल्यास ते आठ दिवसांत बदलून मिळेल, आणि आवडल्यास मालिकेचा पुढचा भाग आम्ही त्याच्या नावाने बाजूला काढून ठेवू.