लाल औषध आणि हृदयाचं पंपिंग

केमोच्या खोलीत काही औषधं पाण्यासारखी पारदर्शक असतात. डॉक्सोरुबिसिन तसं नसतं. ते नारिंगी छटेचं लालभडक असतं. नर्स ते मोठ्या सिरिंजमधून, चालू सलाईनच्या नळीत हळूहळू ढकलत जाते आणि मध्ये मध्ये थांबून शिरेकडे बघते, कारण ते शिरेबाहेर सांडलं तर तिथली त्वचा जळते. त्यानंतर दिवस-दोन दिवस लघवीला लाल रंग येतो. रुग्णांमध्ये त्याला सरळ ‘लाल औषध’ किंवा ‘लाल केमो’ म्हणतात. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, हाडांचा आणि स्नायूंचा सार्कोमा, लहान मुलांचे रक्ताचे कर्करोग, अशा कितीतरी आजारांत आजही त्याच्याशिवाय चालत नाही. केमो सुरू करण्याआधी हृदय तपासण्यासाठी ‘एक टूडी इको करून या’ असं जे सांगितलं जातं, त्यामागचा इतिहास मुख्यतः याच औषधाचा आहे.

त्याची सुरुवात इटलीतल्या मातीत झाली. दक्षिण इटलीत आपुलिया प्रांतात कास्तेल देल मोंते नावाचा तेराव्या शतकातला किल्ला आहे. त्या परिसरातल्या मातीच्या नमुन्यातून मिलानच्या फार्मितालिया कंपनीच्या शास्त्रज्ञांना एक जिवाणू मिळाला. तो लाल रंगाचं द्रव्य तयार करत होता आणि ते द्रव्य उंदरांमधल्या गाठींवर चालत होतं. साधारण त्याच काळात फ्रान्समध्येही हाच पदार्थ स्वतंत्रपणे सापडला. त्या भागात प्राचीन काळी राहणाऱ्या दौनी जमातीचं नाव आणि माणिकासाठीचा फ्रेंच शब्द यांच्या जोडणीतून ‘डॉनोरुबिसिन’ हे नाव आलं. पुढे त्याच जिवाणूत बदल घडवून आणखी प्रभावी भावंड मिळवलं गेलं. एड्रियाटिक समुद्रावरून त्याला ‘ॲड्रियामायसिन’ म्हटलं गेलं. तेच डॉक्सोरुबिसिन. आपल्याकडचे जुने डॉक्टर अजूनही ‘ॲड्रिया’च म्हणतात.

परिणाम थक्क करणारा होता, पण 1967 पर्यंत हृदयाचा त्रासही दिसायला लागला होता. डॉनोरुबिसिन घेतलेली काही मुलं रक्ताच्या कर्करोगातून सावरत असतानाच धाप लागून, पायांना सूज येऊन हृदय निकामी झाल्यामुळे गेली. आधी शंका आजारावर, संसर्गावर घेतली गेली. डॉक्सोरुबिसिन घेतलेल्या मोठ्या माणसांतही तेच दिसू लागलं, तेव्हा औषधाकडेच बोट दाखवावं लागलं.

1973 मध्ये लेफ्राक आणि सहकाऱ्यांनी 399 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली: महत्त्वाचा एकेक डोस नसून आयुष्यभरात मिळालेल्या डोसांची बेरीज आहे. ही बेरीज शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला किती मिलिग्रॅम, अशी मोजतात. 550 च्या आत हृदय निकामी होणं फार विरळ होतं, त्यापुढे मात्र प्रमाण झपाट्याने वाढत होतं. म्हणून ‘550 ओलांडायचं नाही’ हा नियम रूढ झाला. हृदयावर लक्ष ठेवण्याचं ते पहिलं साधन म्हणजे फक्त बेरीज होती. यंत्र काही नाही, फाइलवर आकडे मांडत जायचे.

ही रेषा वाटली तितकी सुरक्षित नव्हती. 1979 मध्ये व्हॉन हॉफ यांनी चार हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा 550 वर सुमारे 7 टक्के रुग्णांचं हृदय निकामी झालेलं आढळलं. तोही कमी अंदाज होता, कारण जुन्या कागदांत ज्यांना उघड धाप लागली तेवढेच मोजले गेले. 2003 मध्ये स्वेन यांनी ज्या चाचण्यांत हृदयाची तपासणी पहिल्यापासून ठरवून केली होती, त्यांची आकडेवारी मांडली. तिथे 550 ला 26 टक्के आणि 400 लाच 5 टक्के निघाले. शोधायला बसलं की जास्त सापडतं, हे या क्षेत्रात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की कोणत्याही आकड्याखाली सगळे सुरक्षित नसतात. कुणी 600 सहन करतं, तर कुणाचं हृदय 250 लाच थकतं. वय जास्त असेल, आधीचा रक्तदाब असेल, छातीला रेडिएशन मिळालेलं असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर धोका वाढतो.

म्हणजे प्रत्येक हृदयात काय चाललंय ते स्वतंत्रपणे बघणं भाग होतं. 1970 च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये मार्गारेट बिलिंगहॅम यांनी थेट हृदयाच्या स्नायूचा तुकडा काढून पाहण्याची पद्धत बसवली. मानेच्या शिरेतून नळी उजव्या कप्प्यापर्यंत न्यायची, चिमट्याने कणभर स्नायू घ्यायचा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पेशींमध्ये पोकळ्या पडलेल्या, आकुंचनाचे तंतू नाहीसे झालेले दिसत. लक्षणं नसतानाही ही मोडतोड दिसायची, म्हणजे रुग्णाला धाप लागेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असायचं. पण दर काही डोसांनंतर हृदयातून तुकडे काढत बसणं शक्य नव्हतं.

मग लक्ष पंपिंगकडे वळलं. प्रत्येक ठोक्याला डावा कप्पा भरतो आणि त्यातलं काही रक्त बाहेर फेकतो. भरलेल्यातलं किती टक्के फेकलं, हा इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा. आपल्याकडे रिपोर्ट हातात आला की घरचे विचारतात ना, ‘पंपिंग किती आलं?’ तोच तो. निरोगी माणसात साधारण 55 ते 70. आधी ते मुगा स्कॅनवर मोजत. रुग्णाच्या लाल रक्तपेशींना किरणोत्सारी टेक्नेशियम चिकटवायचं आणि कॅमेऱ्याने ठोक्यांनुसार मोजणी करायची. 1987 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी याच आकड्यावर नियम सुचवले. ढोबळपणे सांगायचं तर, आकडा 10 किंवा जास्त अंकांनी घसरून 50 च्या आत आला की औषध थांबवा. आजचे नियम याच सांगाड्यावर उभे आहेत. पुढे किरणोत्सर्ग नको आणि यंत्र सगळीकडे मिळतं म्हणून ही जागा सोनोग्राफीच्या तत्त्वावर चालणाऱ्या टूडी इकोने घेतली.

1998 मध्ये ट्रॅस्टुझुमॅब आलं आणि चित्र गुंतागुंतीचं झालं. स्तनाच्या कर्करोगाच्या ज्या गाठींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असतं, त्यांच्यासाठी हे औषध नवं आयुष्य घेऊन आलं. पण लाल औषधासोबत एकाच वेळी दिलं तेव्हा 27 टक्के रुग्णांत हृदयाची कार्यक्षमता बिघडली. हर-टूमार्फत मिळणारा संदेश हृदयाच्या पेशींनाही स्वतःची डागडुजी करायला लागतो, हे तेव्हा ठळकपणे कळलं. त्यानंतर दोन्ही एकत्र देणं बंद झालं. आधी लाल औषध, मग ट्रॅस्टुझुमॅब, आणि ते चालू असताना साधारण दर तीन महिन्यांनी इको, ही पद्धत रुळली. फरक एवढा की लाल औषधाने पेशीच मरतात. ट्रॅस्टुझुमॅबमुळे त्या बहुधा नुसत्या सुस्तावतात आणि औषध थांबवलं की बरेचदा सावरतात.

हे प्रत्यक्षात कसं उलगडतं ते एका काल्पनिक पण नेहमी भेटणाऱ्या उदाहरणाने पाहू. 52 वर्षांच्या एक बाई, उंची 155 सेंटीमीटर, वजन 60 किलो. पृष्ठभाग निघतो सुमारे 1.6 चौरस मीटर. डॉक्सोरुबिसिन दर चौरस मीटरला 60 मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी 96. तीन-तीन आठवड्यांनी किंवा थोड्या कमी अंतराने असे चार डोस झाले की बेरीज 240. जुन्या 550 च्या निम्म्याहून कमी. सुरुवातीचा इको: पंपिंग 62. चार डोसांनंतर 60. मग ट्रॅस्टुझुमॅब सुरू झालं आणि तीन महिन्यांनी पंपिंग 57 आलं. घरच्यांना वाटेल, ठीकच आहे. पण याच इकोत दुसरा आकडा असतो, स्ट्रेन. ठोक्याच्या वेळी स्नायू लांबीने किती टक्के आखडतो ते तो सांगतो, आणि आखडणं म्हणून तो उणे चिन्हाने लिहितात. बाईंचा आधी उणे 20 होता, आता उणे 16.4 आला. मूळच्या तुलनेत 18 टक्के घट. 15 टक्क्यांहून जास्त घट म्हणजे पंपिंग अजून ठीक असलं तरी स्नायू दमतोय, असं 2014 पासूनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

पंपिंगवर एकट्यावर भिस्त का ठेवायची नाही, याचं कारण साधं आहे. काही पेशी थकल्या की उरलेल्या जास्त काम ओढतात आणि एकूण आकडा बराच काळ टिकून राहतो. शिवाय साध्या टूडी इकोत आज एकाने 60 सांगितलं आणि पुढच्या वेळी दुसऱ्याने 53 सांगितलं, तर त्यात खरी घट किती आणि मोजण्यातला फरक किती, हे सांगणं कठीण जातं. डावा स्तन काढलेला असेल तर प्रोब नीट टेकत नाही, चित्र धूसर येतं. ताप, कमी हिमोग्लोबिन, उलट्यांनी आलेला कोरडेपणा यांनीही आकडे हलतात. म्हणून दरवेळी शक्यतो त्याच सेंटरवर, त्याच मशीनवर तपासणी करावी आणि पहिला इको केमोच्या आधीच झालेला असावा, असं डॉक्टर आग्रहाने सांगतात. पहिला आकडाच नसेल, तर तुलना करायची कशाशी?

बाईंकडे परत येऊ. स्ट्रेन घसरल्यावर रक्तातलं ट्रोपोनिन तपासलं, तेही किंचित वाढलेलं होतं. हा स्नायूला इजा झाल्याचा रक्तातला पुरावा. एरवी तो हार्ट अटॅकच्या शंकेत तपासतात. हृदयाच्या डॉक्टरांनी रक्तदाबावरच्या नेहमीच्या गोळ्यांपैकी दोन कमी मात्रेत सुरू केल्या, ट्रॅस्टुझुमॅब चालू ठेवलं. पुढच्या इकोत पंपिंग 48 आलं. 62 वरून 14 अंकांची घट आणि 50 च्या आत, म्हणून औषध महिनाभर थांबवलं, गोळ्यांची मात्रा वाढवली. महिन्याने 55. औषध पुन्हा सुरू झालं.

गोळ्या लवकर देण्याचा हा आग्रह मिलानमधूनच आला, जिथे लाल औषधाचा जन्म झाला होता. तिथल्या युरोपियन कर्करोग संस्थेत डॅनिएला कार्डिनाले यांनी लाल औषधाने हृदय अशक्त झालेल्या 201 रुग्णांचा अभ्यास 2010 मध्ये मांडला. केमो संपल्यावर दोन महिन्यांच्या आत हृदयाचे उपचार सुरू झाले, तर जवळपास दोन तृतीयांश जणांचं पंपिंग पूर्ववत झालं. सहा महिने उलटून गेल्यावर सुरू केले, तर एकाचंही पूर्ण सावरलं नाही. त्याआधी या नुकसानीला सरसकट ‘परत न येणारं’ म्हणत. खरं तर ते उशिरा सापडत होतं.

आजही लाल औषधाने गेलेली पेशी परत आणता येत नाही. डेक्स्राझॉक्सेन नावाचं संरक्षक औषध डॉक्सोरुबिसिनच्या अर्धा तास आधी देता येतं, पण ते सर्रास वापरलं जात नाही. लहानपणी हे औषध मिळालेल्यांचं हृदय तर दहा-वीस वर्षांनीही, कधी बाळंतपणाच्या ताणात, अचानक कमी पडतं. तेव्हा समोरचा डॉक्टर नवा असतो आणि त्याला जुन्या केमोची कल्पना नसते. म्हणून उपचार संपताना फाइलच्या शेवटच्या पानावर एकूण डोसाची बेरीज लिहून घ्यावी. आपल्या उदाहरणातल्या बाईंच्या पानावर ती अशी असेल: डॉक्सोरुबिसिन, एकूण 240 मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर.