गर्भाशयमुखाचा पॉलिप

गर्भाशयमुखाच्या अस्तरातून वाढणारी, बहुधा देठ असलेली मऊ, लालसर गाठ. दोन पाळ्यांच्या मधे डाग लागणे किंवा संबंधानंतर रक्त जाणे, या तक्रारींमागे ती आढळते. पुष्कळदा लक्षण काहीच नसते आणि दुसऱ्या कारणासाठी केलेल्या तपासणीत ती दिसते. चाळिशी-पन्नाशीतील, मुले झालेल्या स्त्रियांत तिचे प्रमाण अधिक असते.

उत्पत्तीबद्दल एकमत नाही. जुन्या ग्रंथांत दीर्घकालीन दाह हे कारण दिले जाते, कारण पॉलिपमध्ये दाहपेशी सापडतात. परंतु लोंबणारे टोक घासून तेथे व्रण पडला तरी दाह होतोच. म्हणून दाह आधी की पॉलिप आधी, हे निव्वळ ऊतक पाहून ठरत नाही. दुसरे मत असे, की इस्ट्रोजेन या संप्रेरकाला तेथील ऊतक वाजवीपेक्षा अधिक प्रतिसाद देते. गर्भाशयाच्या आतील अस्तराची अतिवाढ किंवा तेथील पॉलिप काही रुग्णांत जोडीने आढळतो, ही बाब या मताला अधिक अनुकूल म्हणावी लागेल. गर्भाशयमुखाच्या रक्तवाहिन्यांत रक्त साचून राहणे हे तिसरे कारण सुचवले गेले आहे.

गर्भाशयमुखाच्या नलिकेत उगवलेल्या पॉलिपवर स्तंभाकार पेशींचा नाजूक थर असतो आणि आत रक्तवाहिन्या भरपूर असतात. म्हणून स्पर्शानेही त्यातून रक्त येते.

देठ बारीक असेल, तर सुमारे एक-दीड सेंमी.चा पॉलिप बाह्यरुग्ण विभागातच, बहुधा भूल न देता निघतो. योनिदर्शक लावून गर्भाशयमुख नीट पाहतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची पॅप तपासणी राहिली असल्यास नमुना आधी घेतात. मग चिमट्याने देठ शक्य तितका मुळाशी पकडून एकाच दिशेने पिळत जातात. पिळामुळे रक्तवाहिन्या मिटतात आणि देठ सुटतो. बुडाशी रक्त येत राहिल्यास बोळ्याने दाब देतात किंवा सिल्व्हर नायट्रेट लावतात.

टोक धरून ओढले, तर ठिसूळ ऊतक तुटून देठ मागे राहतो. रक्त जात राहते व पॉलिप पुन्हा वाढतो. बूड रुंद असल्यास विद्युत्-तारेच्या फासाने कापतात. ते नलिकेत वर दडलेले असल्यास हिस्टेरोस्कोप ही गर्भाशयात घालायची दुर्बीण वापरून पाहतात. घट्ट, फिकट आणि जाड देठाची गाठ ही गर्भाशयातून खाली उतरलेली फायब्रॉइड, म्हणजे स्नायूची साधी गाठ, असू शकते. ती अंदाजाने पिळल्यास मोठा रक्तस्राव होतो. गरोदरपणात त्रास नसलेला पॉलिप सहसा तसाच ठेवतात.

काढलेला भाग फॉर्मॅलिनमध्ये विकृतिशास्त्र तपासणीस पाठवतात. त्यात कर्करोग क्वचितच सापडतो. पॉलिप काढल्यानंतर काही दिवस किंचित डाग लागतात. ते थांबेपर्यंत संबंध टाळावा. भरपूर रक्त, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असल्यास पुन्हा तपासणी लागते. रजोनिवृत्तीनंतर रक्त गेले असेल, किंवा पॉलिप काढूनही डाग लागतच असतील, तर गर्भाशयाचे अस्तर सोनोग्राफीने आणि गरजेप्रमाणे नमुना घेऊन तपासतात.