मनगटातली प्लेट आणि डिस्चार्ज कार्डावरची पहिली ओळ

उदाहरण म्हणून पंचवटीतल्या 58 वर्षांच्या एक बाई घ्या. पावसात घाटाच्या पायऱ्यांवर त्या हात टेकून पडल्या, मनगटाजवळ रेडियस, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचं अंगठ्याकडचं हाड मोडलं, शस्त्रक्रियेने धातूची प्लेट बसवली. घरी जाताना मिळालेल्या कार्डावर पहिली सूचना आहे: बोटं आजपासून हलवा. घरच्यांना हे पटत नाही. मोडलेला हात बांधून ठेवायचा, हेच तर सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

ते पाहणं चुकीचं नव्हतं. डब्लिनचे अब्राहम कॉलिस यांनी 1814 मध्ये या फ्रॅक्चरचं वर्णन केलं, तेव्हा एक्स-रे यायला 81 वर्षं होती. पुढे काही काळाने हात पुन्हा चालेल, दुखणारही नाही, पण वाकडेपणा जन्मभर राहील, असं त्यांनी लिहिलं. 1850 च्या दशकात डच लष्करी सर्जन मॅथायसन यांचं प्लास्टर आलं आणि पाच-सहा आठवडे हात बंद ठेवणं हाच उपचार ठरला. हाड जुळायचं, पण बोटं आणि खांदा आखडायचे. शिवाय ठिसूळ हाड प्लास्टरमध्येच पुन्हा खचायचं.

पुढे मनगटाच्या वरच्या, म्हणजे हाताच्या पाठीकडच्या बाजूने प्लेट बसवून पाहिली, तर तिथे बोटं सरळ करणारे स्नायुबंध हाडाला चिकटूनच जातात, ते घासायचे. 2000 च्या सुमारास मायामीचे होर्हे ऑर्बे यांनी तळहाताच्या बाजूची लॉकिंग प्लेट रूढ केली. हिचे स्क्रू प्लेटमध्येच आटे धरून बसतात, त्यामुळे हाड ठिसूळ असलं तरी पकड सुटत नाही. शिवाय प्लेट आणि स्नायुबंध यांच्यामध्ये स्नायूचा थर येतो. त्या पहिल्या ओळीला आधार आहे तो याच पकडीचा.

म्हणून या बाईंनी पहिल्या दिवसापासून मूठ पूर्ण मिटायची, उघडायची, कोपर-खांदा फिरवायचा आणि हात छातीच्या वर ठेवायचा. दिवसभर झोळीत लटकवायचा नाही. साधारण दोन आठवड्यांनी टाके निघतात, मग स्प्लिंट काढून मनगट हळूहळू हलवायचं. सहा आठवड्यांच्या एक्स-रेत हाड जुळताना दिसेपर्यंत हंडा, कुकर, हातावर भार देऊन उठणं बंद. प्लेट हाड धरून ठेवते, पण बाईंचं वजन पेलायला ती केलेली नाही. बोटं सुजून तळव्याला टेकतच नसतील, हात चकाकत असेल, वेदना रोज वाढत असेल किंवा बधिरपणा आला, तर तारखेची वाट पाहू नये. आणि साध्या पडण्याने हाड मोडलं, म्हणून हाडांची घनता तपासणंही यातच येतं.

एक सूचना मात्र बऱ्याच कार्डांवर नसते, ती हवीच. प्लेट हाडाच्या कडेपुढे सरकलेली बसली, तर अंगठा वाकवणारा स्नायुबंध तिच्यावर घासतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही तुटतो. आधी अंगठा वाकवताना मनगटात करकर किंवा टोचल्यासारखं होतं. तेव्हाच दाखवलं आणि हाड जुळलेलं असलं, तर प्लेट काढून स्नायुबंध वाचवता येतो. अंगठ्याचं पेर अचानक वाकेनासं झालं, तर तो तुटलेला असण्याची शक्यता मोठी.