लाइव्ह लोकेशन आणि अंदाजे परिसर कळवणे

फोनचे चालू ठिकाण ठरावीक वेळ सतत दुसऱ्याच्या नकाशावर दिसत राहणे म्हणजे लाइव्ह लोकेशन. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये त्यासाठी १५ मिनिटे, १ तास आणि ८ तास अशा तीन मुदती असतात. खान्देशात जळगाव-धुळे किंवा नंदुरबार-शहादा असा एकट्याने प्रवास करणारी मुले-मुली ते बहुधा घरच्या ग्रुपवर टाकतात, आणि गोम तिथेच आहे. ग्रुपमध्ये आईवडील असतात, तसे चुलत-मावस भाऊबंद, त्यांचे जावई आणि कधीतरी जोडून विसरलेले नंबरही असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर हे ठिकाण एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असते, पण ते कुलूप बाहेरच्यांसाठी. ग्रुपमधल्या प्रत्येकाला खूण दिसते आणि तिचा स्क्रीनशॉटही घेता येतो.

एका दिवसाच्या खुणेवरून फारसे कळत नाही, रोजच्या खुणांवरून मात्र सगळे कळते. रात्री खूण कुठे थांबते ते घर, दिवसा कुठे थांबते ते कॉलेज किंवा नोकरी. २०१३ साली संशोधक द मॉन्ज्वा व सहकाऱ्यांनी १५ लाख मोबाइलधारकांच्या नोंदी तपासल्या. त्यात ठिकाण टॉवरइतके ढोबळ आणि वेळ तासाच्या हिशेबाने असूनही चार नोंदींवरून ९५ टक्के माणसे इतरांपासून वेगळी काढता आली. म्हणून जागा धूसर करावी, तशीच कळवण्याची वारंवारताही कमी ठेवावी.

मुदत संपली की खूण हलायची थांबते, पण शेअरिंग जिथून सुरू झाले त्या जागेचे छोटे चित्र चॅटमध्ये राहते. घराच्या ओट्यावरून सुरू केले तर घरच उघडे पडते. त्यामुळे बस स्टँड सुटल्यावर सुरू करावे आणि उतरायच्या आधी बंद करावे. कोणाकोणाला चालू आहे ते `Settings → Privacy → Live location` मध्ये दिसते आणि तिथूनच थांबवता येते.

परिसरच कळवायचा असेल तर `Location` उघडून वरच्या शोधपट्टीत पारोळा बस स्टँड असे एखादे सार्वजनिक ठिकाण शोधून पाठवावे. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे घाईत `Send your current location` वर बोट पडणे. ते यादीत वरच्या बाजूलाच असते आणि अचूक ठिकाण पाठवते.

दुसरी रीत अक्षांश-रेखांश गोल करण्याची. गुगल मॅप्सवर आपल्या जागेवर बोट दाबून धरले की हे आकडे दिसतात. समजा बस पारोळ्याजवळ आहे आणि आकडे असे आहेत:

```
20.8812, 75.1187
```

दशांशानंतर एकच अंक ठेवून हे शोधावे आणि ती खूण शेअर करावी:

```
20.9, 75.1
```

खान्देशाच्या अक्षांशावर अशा एका गोल आकड्यात मोडणाऱ्या जागांची चौकट उत्तर-दक्षिण सुमारे ११ आणि पूर्व-पश्चिम साडेदहा किलोमीटर भरते. खूण खऱ्या जागेपासून जास्तीत जास्त सुमारे ७.६ किलोमीटर चुकते. वरच्या उदाहरणात सुमारे २.८. दोन अंक ठेवले तर चौकट साधारण एक किलोमीटरची होते. दर वेळी मनाने वेगळी खोटी खूण टाकू नये: एकाच जागेभोवती अशा पुष्कळ खुणा पडल्या की त्यांची सरासरी खऱ्या जागेवरच येते. गोल केलेली खूण त्या जागेसाठी दर वेळी तीच राहते, म्हणून ती अशी फुटत नाही.

एक किलोमीटर पुरे की अकरा, हे वस्तीवर ठरते. जळगाव शहरात एका किलोमीटरच्या चौकटीत हजारो घरे येतात. सातपुड्याच्या पायथ्याशी तेवढ्याच चौकटीत एखादाच पाडा किंवा शेतातला एकच मळा असू शकतो, आणि मग अंदाजे म्हणून कळवलेले ठिकाण घराचा पत्ताच ठरते. अशा ठिकाणी एकच अंक ठेवावा, किंवा नुसते तालुक्याचे नाव लिहावे.

अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅपच्या परवानगीत `Use precise location` आणि आयफोनवर आयओएस १४ पासून `Precise Location` बंद करता येते. अँड्रॉइडवर मग अ‍ॅपला सुमारे ३ चौरस किलोमीटरचा अंदाज मिळतो. मात्र ही सोय त्या अ‍ॅपपुरती आहे, माणसापुरती नाही: आईला अचूक आणि ग्रुपला अंदाजे, असे त्यातून जमत नाही, आणि वाट दाखवणारी अ‍ॅप भरकटतात ती वेगळीच.

घरच्यांना खूण अंदाजे आहे हे आधी सांगितलेले असावे. नाहीतर कोणीतरी गाडी काढून नेमके त्या ठिपक्यावर शोधायला जातो. अपघात किंवा पाठलाग झाल्यास मात्र एकाच विश्वासू माणसाला अचूक लाइव्ह लोकेशन द्यावे आणि ११२ ला फोन करावा. एरवी ‘पारोळं उनं’, म्हणजे पारोळा आले, इतका अहिराणी निरोपही पुरतो. त्यात तालुका आणि वेळ दोन्ही कळते, आणि नेट नसेल तर तो एसएमएसनेही जातो.