‘सच’च्या पोटात दडलेला ‘लाइक’

१९५४ साली अमेरिकेतल्या आर. जे. रेनल्ड्स कंपनीने विन्स्टन नावाची फिल्टरची सिगारेट बाजारात आणली. तिचं घोषवाक्य होतं, ‘विन्स्टन टेस्ट्स गुड लाइक अ सिगरेट शुड’. म्हणजे सिगारेट जशी लागायला हवी, तशी ही लागते. ‘गुड’ आणि ‘शुड’चं यमक जुळलेलं, त्यामुळे वाक्य लोकांच्या तोंडी बसायला वेळ लागला नाही. व्याकरण शिकवणाऱ्यांना मात्र त्यातला ‘लाइक’ खुपला. तिथे ‘ॲज’ हवा, असं त्यांचं म्हणणं. वॉल्टर क्रॉन्काइट तेव्हा टीव्हीवर सकाळचा एक कार्यक्रम करत असत. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं म्हणायला नकार दिला. कंपनीला या वादात आयती प्रसिद्धी मिळाली. पुढे १९७०च्या सुमारास तिने टीकाकारांनाच जाहिरातीतून विचारलं, तुम्हाला चांगलं व्याकरण हवंय की चांगली चव?

टीकाकारांचा नियम मराठी माणसाला समजायला अवघड नाही. आपण ‘माझ्यासारखा’ म्हणतो तेव्हा ‘सारखा’ नामाला किंवा सर्वनामाला चिकटतो. ‘मी करतो तसं कर’ म्हणताना मात्र मागे क्रियापदासकट आख्खं वाक्य असतं, म्हणून तिथे ‘जसं-तसं’ लागतं. आणि ‘ती शिक्षिका म्हणून काम करते’ यातला ‘म्हणून’ तुलना करतच नाही, भूमिका सांगतो. नियमानुसार इंग्रजीत पहिलं काम ‘लाइक’चं, उरलेली दोन्ही ‘ॲज’ची. ‘लाइक मी’ बरोबर, ‘ॲज आय डू’ बरोबर, पण ‘लाइक आय डू’ चूक. जाहिरातीत ‘लाइक’नंतर ‘शुड’ हे क्रियापद आलं होतं, तेवढाच तिचा गुन्हा.

आता जरा मागे जाऊ. जुन्या इंग्रजीत ‘लीच’ म्हणजे देह, आकार. त्यावरून ‘गेलीच’ हे विशेषण झालं: ज्याचा देह तसाच आहे तो. हाच आजचा ‘लाइक’. (आपला ‘सारखा’ही संस्कृत ‘सदृक्ष’वरून, म्हणजे ‘तसाच दिसणारा’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. दोन्हीकडे साम्याची सुरुवात रूपापासून व्हावी याची मला नेहमीच गंमत वाटते.) कशासारखा, ते सांगणारं नाम या विशेषणाबरोबर चतुर्थी विभक्तीत येई. पुढे इंग्रजीतले विभक्तिप्रत्यय झडले आणि उघड्या नामाआधी उभा असलेला ‘लाइक’ शब्दयोगी अव्ययासारखा वाटू लागला. त्याच्यापुढे नाम किंवा इंग्रजी ‘मी’सारखं कर्मरूपी सर्वनामच यावं, हा आग्रह मुळात या जुन्या चतुर्थीची सावली आहे.

‘ॲज’ची गोष्ट वेगळी. जुना शब्द ‘एआलस्वा’, म्हणजे ‘अगदी तसं’. तो झिजत गेला आणि त्याचे दोन तुकडे झाले. जोर देऊन म्हटलेला ‘ऑल्सो’ राहिला, घाईत म्हटलेला ‘ॲज’ झाला. हा शब्द पहिल्यापासून वाक्यं जोडत आला आहे, त्यामुळे क्रियापदाशी त्याचं कधी वाकडं आलं नाही.

मग ‘लाइक’ वाक्यांपुढे कसा आला? दोन शब्द जोडीने वापरायची पद्धत होती, तीतून. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये १०३व्या स्तोत्रात ‘लाइक ॲज अ फादर पिटिएथ हिज चिल्ड्रन’ असं वाक्य आहे: बाप जशी लेकरांवर दया करतो, तशी. यातला ‘ॲज’ गाळा, विन्स्टनची रचना तयार. बोलताना लोकांनी तो गाळलाही. वाक्य जोडणारा असा ‘लाइक’ चौदाव्या शतकापासून सापडतो, म्हणजे तो सिगारेट कंपनीने शोधलेला नव्हे. चार्ल्स डार्विनच्या १८६६च्या एका पत्रात ‘तुम्ही जसं निरीक्षण केलंत, तसं फार थोड्यांनी केलं’ अशा अर्थाचं वाक्य आहे आणि तिथेही ‘लाइक’च आहे.

एकोणिसाव्या शतकात मात्र हा प्रयोग अशिक्षितपणाची खूण समजला जाऊ लागला. चांगले लेखकही तो वापरत होते, पण नियम शिकवणाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. १९६१ साली वेब्स्टरच्या मोठ्या शब्दकोशाची तिसरी आवृत्ती आली. संपादकांनी या ‘लाइक’ला झोडपायचं नाकारलं, लोक तो वापरतात एवढीच नोंद केली, आणि वृत्तपत्रांनी त्या कोशालाच झोडपलं.

या दटावणीचा एक दुष्परिणाम फारसा बोलला जात नाही. ‘लाइक’ची भीती बसलेला माणूस जिथे तो हवाच तिथेही ‘ॲज’ घालतो. ‘ही स्पोक लाइक अ किंग’ म्हणजे तो राजाच्या थाटात बोलला, पण तो राजा नव्हे. ‘ही स्पोक ॲज अ किंग’ म्हटलं की तो खरोखरच राजा झाला आणि राजा या नात्याने बोलला. ‘शी वर्क्स ॲज अ डॉक्टर’ म्हणजे ती पेशाने डॉक्टर आहे. इथे ‘लाइक’ घाला, मग ती डॉक्टर नसून फक्त तशी वागते. शंका आली तर वाक्य मराठीत म्हणून पाहावं. ‘म्हणून’ बसला तर ‘ॲज’, ‘सारखा’ बसला तर ‘लाइक’.

राहिला उदाहरणांचा प्रश्न. ‘रायटर्स लाइक डिकन्स’ म्हटलं तर त्यात स्वतः डिकन्स येतो का? विसाव्या शतकातल्या काही शैलीपुस्तकांचं उत्तर, नाही. ‘लाइक’ साम्य दाखवतो आणि कुणी स्वतःसारखा नसतो, म्हणून डिकन्सला धरायचं असेल तर ‘सच ॲज’ लिहा. मला हा तर्क पटत नाही, कारण आपण ‘डिकन्ससारखे लेखक’ म्हणतो तेव्हा डिकन्सला बाहेर ठेवल्याचं कुणाच्या मनातही येत नाही. शिवाय ‘सच’ हा शब्दच ‘स्विल्च’वरून आला, म्हणजे ‘स्वा’ अधिक ‘लीच’: ‘तशा देहाचा’. ‘सच’च्या पोटात ‘लाइक’, तर ‘ॲज’ म्हणजे ‘अगदी तसं’. ज्या दोन शब्दांनी ‘लाइक’ला बाहेर काढायचं, त्यातल्या पहिल्यातच तो बसला आहे.

तरी भेद सगळाच निरर्थक नाही. ग्रंथालयाच्या सूचनेत ‘बुक्स लाइक डिक्शनरीज मे नॉट बी बॉरोड’ असं लिहिलं, तर नुसत्या ॲटलासवर बंदी आहे की नाही, हे वाचणाऱ्याने साम्यावरून ठरवायचं. मुद्दाम भांडायला आलेला माणूस तर ‘शब्दकोशासारखी म्हणजे शब्दकोश नव्हे’ असंही म्हणेल. ‘रेफरन्स बुक्स, सच ॲज डिक्शनरीज अँड ॲटलसेस’ लिहिलं की वर्ग कोणता, हे आधी सांगितलं जातं आणि शब्दकोश त्यात निःसंशय मोडतात. उलट ‘आय नीड अ फ्रेंड लाइक यू’ या वाक्यात ‘सच ॲज’ घालून पाहा. मित्राला यादीतला नमुना केल्यासारखं होतं.