सोसायटीच्या उपविधींचे क्रमांक नव्याने लावायचे आहेत? पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

तीस-चाळीस वर्षांपूर्वी नोंदलेल्या बऱ्याच सहकारी गृहनिर्माण संस्थांकडे उपविधींची मूळ पुस्तिका असते आणि तिच्यात वेळोवेळी मंजूर झालेल्या दुरुस्त्यांचे कागद टाचलेले असतात. त्यातून ‘२४-अ’ आणि ‘२४(अ)’ शेजारी शेजारी येतात, २५ गायब असतो आणि २६ दोनदा छापलेला असतो. थकबाकीची नोटीस पाठवताना किंवा हस्तांतरणाचा अर्ज नाकारताना समितीला उपविधीचा क्रमांक लिहावाच लागतो. तो क्रमांक दोन ठिकाणी लागू पडत असेल, तर समोरचा सभासद पहिला आक्षेप तिथेच घेतो आणि तो आक्षेप रास्त असतो.

ही दुरुस्ती आहे का?

होय. क्रमांक बदलणे हे केवळ टंकलेखनाचे काम आहे, समितीच्या ठरावावर भागेल, असा समज बराच आढळतो. पण निबंधकांकडे नोंदलेला मजकूर क्रमांकांसह नोंदलेला असतो आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १३ नुसार उपविधींची कोणतीही दुरुस्ती नोंदणी झाल्याशिवाय वैध ठरत नाही. समितीने परस्पर नवी पुस्तिका छापली, तर कायद्याच्या दृष्टीने जुनीच लागू राहते आणि घोळ दुप्पट होतो.

पार्किंग, समाजमंदिराचे भाडे, लिफ्टचा वापर अशा विषयांवर उपविधींच्या चौकटीत सर्वसाधारण सभेने केलेली अंतर्गत नियमावली वेगळी. ती उपविधींचा भाग नसल्याने तिचे क्रमांक सभेच्या ठरावाने बदलता येतात, निबंधकांकडे जावे लागत नाही. म्हणून हातातला दस्त नेमका कोणता, हे आधी पाहा. निबंधक कार्यालयाचा नोंदणीचा शिक्का असेल, तर तो उपविधी.

अर्ज संस्थेच्या नावानेच करावा लागतो. एखाद्या सभासदाला परस्पर अर्ज करता येत नाही, पण तो सर्वसाधारण सभेत हा विषय घेण्याची मागणी समितीकडे लेखी करू शकतो. पुस्तिका फारच जुनी असेल, तर सहकार खात्याचे २०१४ चे आदर्श उपविधी संपूर्ण स्वीकारणे हाही मार्ग आहे. माझ्या मते, संस्थेने स्वतःच्या गरजेप्रमाणे काही खास तरतुदी नोंदवून घेतल्या असतील आणि त्या टिकवायच्या असतील, तरच जुन्या मजकुराला नवे क्रमांक देण्याचा खटाटोप करावा.

पायऱ्या आधी ठरवा

काम सुरू करण्यापूर्वी किती पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला कोणते चिन्ह, हे कागदावर लिहून काढा. राज्याच्या मराठी अधिनियमांत रुळलेली रचना सोसायटीलाही पुरते : कलमाच्या खाली पोटकलम (१), त्याखाली खंड (अ), त्याखाली उपखंड (एक). आपल्याकडे कलमाच्या जागी उपविधी. उपविधींचे क्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ठेवा. प्रकरण बदलले म्हणून पुन्हा १ पासून सुरुवात करू नका.

अक्षरांचा क्रम हा मराठी दस्तांतला खास सापळा आहे. काही मसुदे अ-ब-क-ड लावतात, तर काही क-ख-ग-घ. दोन्ही एकाच पुस्तिकेत आले, की ‘खंड (क)’ एका ठिकाणी तिसरा असतो आणि दुसऱ्या ठिकाणी पहिला. कोणताही एक क्रम निवडा आणि तो शेवटपर्यंत पाळा.

कंसालाही अर्थ असतो. ‘२४-अ’ म्हणजे २४ नंतर मागाहून घातलेला स्वतंत्र उपविधी, तर ‘२४(अ)’ म्हणजे २४ च्या पोटातला खंड. जुन्या टंकलिखित प्रतींत हा फरक अनेकदा पुसला गेलेला असतो आणि नुसते ‘२४अ’ उरते.

एक उदाहरण पूर्ण पाहू

समजा, जुन्या पुस्तिकेत असे आहे :

२४. भाग हस्तांतरित करू इच्छिणाऱ्या सभासदाने सचिवांना पंधरा दिवसांची सूचना द्यावी.
२४(अ) सूचनेसोबत खरेदीदाराचे पत्र जोडावे.
२४-अ. पोटभाडेकरू ठेवताना त्याचे पत्र समितीकडे द्यावे. (नंतरच्या दुरुस्तीने घातलेला)
२६. सभासदाने (क) थकबाकी भरलेली असेल, (ख) हस्तांतरण शुल्क भरलेले असेल, (३) कलम २४अ प्रमाणे पत्र दिलेले असेल,
तर समिती अर्ज मंजूर करील.
परंतु, न्यायालयाचा मनाई हुकूम असल्यास मंजुरी देता येणार नाही.
२६. वाहनतळाच्या जागांचे वाटप…

पहिला प्रश्न : ‘कलम २४अ प्रमाणे पत्र’ म्हणजे कोणते पत्र? खरेदीदाराचे की पोटभाडेकरूचे? दोन्ही ठिकाणी पत्र आहे, त्यामुळे नुसत्या वाचनाने ठाम उत्तर मिळत नाही. इथे तारखा कामी येतात. हा २६ मूळ नोंदणीपासून आहे, २४-अ नंतर आला. जो उपविधी तेव्हा नव्हताच, त्याचा उल्लेख मूळ मजकुरात असू शकत नाही. म्हणजे संदर्भ २४(अ) चाच. अशा प्रत्येक निष्कर्षाचे कारण एका ओळीत लिहून ठेवा, कारण सभेत आणि कार्यालयात ते विचारले जाते. तारखांवरूनही उलगडा होत नसेल, तर अंदाजाने क्रमांक लावू नका. तो मुद्दा आशयाची दुरुस्ती म्हणून सभेपुढे स्वतंत्र न्या.

दुसरा मुद्दा ‘तर समिती अर्ज मंजूर करील’ या ओळीचा. ती (३) ची नाही, तिन्ही अटींची आहे. संगणकावर ती बहुतेक वेळा शेवटच्या खंडाला चिकटते आणि मग फक्त पत्र दिले तरी मंजुरी मिळावी, असा अर्थ निघू शकतो. ती ओळ खंडांच्या समासातून बाहेर काढून मूळ उपविधीच्या समासावर आणा. परंतुकाचेही तसेच. ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या मजकुराला क्रमांक देत नाहीत, कारण तो ज्या तरतुदीला अपवाद आहे तिच्याशीच जोडलेला राहिला पाहिजे. ‘स्पष्टीकरण’ही विनाक्रमांकच राहते.

पुस्तिकेत आधीचे दोन उपविधी वगळलेले असतील, तर नवी रचना अशी होईल :

२२. (१) भाग हस्तांतरित करू इच्छिणाऱ्या सभासदाने… सूचना द्यावी.
(२) सूचनेसोबत खरेदीदाराचे पत्र जोडावे.
२३. पोटभाडेकरू ठेवताना…
२४. सभासदाने (अ) थकबाकी…, (ब) हस्तांतरण शुल्क…, (क) उपविधी २२ च्या पोटकलम (२) प्रमाणे पत्र दिलेले असेल,
तर समिती अर्ज मंजूर करील.
परंतु, …
२५. वाहनतळाच्या जागांचे वाटप…

नव्या २४ मध्ये एकच वाक्य आहे, म्हणून तिथे (१) लावलेला नाही. दुसरे पोटकलम असेल तरच पहिल्याला क्रमांक द्यायचा.

जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता याच वेळी भरत जा : २४ चा २२(१), २४(अ) चा २२(२), २४-अ चा २३, २५ पुढे ‘मूळ नोंदीत नाही’, पहिल्या २६ चा २४, दुसऱ्याचा २५. पहिल्या आणि दुसऱ्या २६ पुढे विषय लिहा, नाहीतर तक्त्यालाच तक्ता लागेल.

आता २४ हा क्रमांक जुन्या आणि नव्या दोन्ही पुस्तिकांत आहे, पण विषय वेगळे. म्हणून संगणकावर ‘शोधा आणि बदला’ वापरून थेट क्रमांक बदलणे धोक्याचे. आधी २६ चे २४ केले आणि मग २४ चे २२, तर दोन्ही २२ होतात. त्यापेक्षा मजकुरातल्या प्रत्येक संदर्भाला आधी ‘जुना-२४’, ‘जुना-२६-हस्तांतरण’ अशी खूण करा, सगळ्या खुणा तक्त्याशी ताडून पाहा आणि नंतर एकेक नवा क्रमांक घाला. शेवटी ‘जुना’ हा शब्द शोधा. क्रमांकाची खूण म्हणून तो कुठेही उरलेला नसला, की संदर्भ पूर्ण झाले. ‘वरील उपविधी’, ‘मागील कलमात’ असे बिनक्रमांकाचे संदर्भ मात्र डोळ्यांनीच शोधावे लागतात.

वर्ड वापरत असाल तर `Multilevel List` मध्ये पायऱ्या बांधा आणि संदर्भ `Cross-reference` ने घाला. नंतर काही हलवले तर `Ctrl+A` आणि `F9` दाबून संदर्भ ताजे होतात. तयार यादीत अ-ब-क-ड क्रम मिळत नाही, तेव्हा खंडांची अक्षरे हाताने टंकावी लागतात आणि तपासावीही लागतात.

सभा आणि कागदपत्रे

महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ मधील नियम १२ प्रमाणे दुरुस्तीचा ठराव त्यासाठी रीतसर सूचना दिलेल्या सर्वसाधारण सभेत मंजूर व्हावा लागतो. सूचनेची मुदत तुमच्याच उपविधीत दिलेली असते. सूचनेसोबत नवा मसुदा आणि तक्ता दोन्ही द्या. ‘ऐनवेळचे विषय’ यात हा ठराव घेऊ नका.

बहुमत लागते ते उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांशांचे. सभेला ४६ जण आले आणि ३९ जणांनी मत दिले, तर २६ मते पुरतात. इतिवृत्तात बाजूची आणि विरोधातली मते आकड्यांत लिहा, ‘बहुमताने मंजूर’ एवढ्यावर सोडू नका.

सभेच्या तारखेपासून दोन महिन्यांच्या आत प्रस्ताव निबंधकांकडे, म्हणजे व्यवहारात आपल्या विभागाच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात, द्यायचा असतो. त्यासोबत ठरावाची प्रत, सध्याचे संबंधित उपविधी व प्रस्तावित बदल आणि त्यांची कारणे, दुरुस्तीनंतर उपविधी जसे दिसतील त्या मजकुराच्या चार प्रती (समितीने प्राधिकृत केलेल्या पदाधिकाऱ्यांच्या सह्यांसह) आणि सभासदांना दिलेल्या सूचनेची प्रत लागते. निबंधक आणखी माहिती मागू शकतात. तक्ता मी कारणांच्या कागदालाच जोडायला सांगेन, कारण तपासणाऱ्याला आशय बदललेला नाही हे त्यावरून सर्वांत लवकर कळते.

याच कारणासाठी क्रमांकांच्या ठरावात आशयाचा बदल मिसळू नका. ‘देऊ शकेल’चे ‘देईल’ झाले, तरी तो हक्काचा बदल आहे. शुल्क किंवा मुदत बदलायची असेल तर वेगळा ठराव घ्या. एक अडला तरी दुसरा अडकत नाही.

अर्ज मिळाल्यापासून दोन महिन्यांत निबंधकांनी निर्णय द्यायचा असतो. नोंदणी झाली की दुरुस्तीची प्रमाणित प्रत मिळते आणि तीच नोंदणीचा निर्णायक पुरावा असते. नाकारल्यास कारणांसह लेखी आदेश मिळतो आणि त्यावर कलम १५२ खाली दोन महिन्यांत अपील करता येते.

जुन्या नोटिसांचे काय?

भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आणि ४२० ची फसवणूक ३१८ मध्ये गेली, तेव्हा जुन्या-नव्या कलमांचे तक्ते घेऊन सगळे बसले होते. कायद्यांतले जुने उल्लेख नव्या कलमांना जोडण्यासाठी सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ चे कलम ८ आहे. सोसायटीच्या उपविधींना अशा आधारावर विसंबता येत नाही, म्हणून नव्या मसुद्याच्या शेवटी स्वतःचीच तरतूद घाला : ‘या दुरुस्तीपूर्वीच्या कोणत्याही ठरावात, सूचनेत किंवा करारात जुन्या क्रमांकाचा उल्लेख असल्यास तो जोडलेल्या तक्त्यातील तत्सम नव्या क्रमांकाचा उल्लेख समजण्यात येईल.’ ही तरतूद नवी असल्याने ठरावात तिचा स्वतंत्र उल्लेख करा आणि तक्ता परिशिष्ट म्हणून पुस्तिकेत छापा. वसुलीचे किंवा सहकार न्यायालयातले एखादे प्रकरण चालू असेल, तर तिथल्या पुढच्या अर्जात जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक लिहा आणि प्रमाणित प्रत सोबत द्या.